क्लिपमधला कपडा बदला, पण तो शेवटच्या फ्रेमपर्यंत तोच राहू द्या

माझा मामेभाऊ कुर्ते शिवून विकतो. गेल्या दिवाळीआधी त्याने मला फोनवर काढलेली एक क्लिप पाठवली. गॅलरीत उभा असलेला त्याचा मित्र, अंगात राखाडी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. तो जरासा वळतो, उजवा हात छातीवरून वर नेऊन केसांतून फिरवतो आणि हसतो. "याच्या अंगात मोहरी रंगाचा कुर्ता दाखव. कापड आलंय, शिवून व्हायला आठवडा लागेल," एवढीच मागणी होती. मित्राची परवानगी होती, म्हणून काम घेतलं. परवानगीशिवाय कुणाच्या अंगावरचे कपडे क्लिपमध्ये बदलायचे नाहीत, ही अट मी कुणासाठीही मोडत नाही.

एका फोटोत कपडा बदलणं आता अवघड राहिलेलं नाही. पण क्लिपचा प्रत्येक फ्रेम सुटा काढून त्यावर तीच सूचना चालवली, की कुर्ता उकळल्यासारखा दिसतो. घड्या दर फ्रेमला जागा बदलतात, कॉलर कधी उंच तर कधी बसकी. कारण साधं आहे. चित्र घडवणारं मॉडेल विस्कटलेल्या ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि मागच्या फ्रेममध्ये त्याने काय काढलं होतं हे त्याला माहीत नसतं. सीड, म्हणजे हे सुरुवातीचे ठिपके ठरवणारा आकडा, तोच ठेवला तर हे सुटेल असं अनेकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. सुरुवातीचे ठिपके पडद्याला चिकटलेले राहतात आणि माणूस त्यांच्याखालून सरकतो, म्हणून घड्या अंगाबरोबर न हलता काचेवर काढल्यासारख्या जागच्या जागी राहतात.

म्हणून रीत उलटी करायची. कपडा एकाच फ्रेममध्ये नीट बसवायचा आणि उरलेल्या फ्रेममध्ये तो वाहून नेण्याचं काम अशा मॉडेलला द्यायचं, जे सगळे फ्रेम एकत्र पाहतं. मी यासाठी अलीबाबाचं वान २.१ हे व्हिडिओ घडवणारं मॉडेल आणि त्यावर बसणारं, व्हिडिओतला ठरावीक भाग बदलू देणारं व्हेस वापरतो. दोन्ही २०२५ मध्ये खुली झाली आणि कम्फीयूआयमध्ये चालतात, म्हणजे नोड नावाचे ठोकळे जोडून अशी मॉडेलं चालवण्याच्या प्रोग्राममध्ये. छोटं १.३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल साधारण ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर धकतं. १४ अब्जांचं कापड जास्त चांगलं काढतं, पण त्याला बरंच मोठं कार्ड लागतं. ते मी तासाच्या भाड्याने घेतो.

क्लिप कापणं

वान एका वेळी ८१ फ्रेम हाताळतं आणि ते सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगावर शिकलेलं आहे. ८१ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. पहिला फ्रेम एकटा साठवला जातो आणि पुढचे चार-चारच्या जुड्यांनी. म्हणून फ्रेमची संख्या नेहमी चारच्या पटीत अधिक एक ठेवायची: १७, ३३, ४९, ८१.

फोनची क्लिप बहुधा सेकंदाला ३० फ्रेमची असते. तिच्यातून १६ काढले तर कधी एक फ्रेम गळतो, कधी एकही गळत नाही, आणि चाल अडखळते. त्यापेक्षा सरळ १५ काढा. दर दुसरा फ्रेम येतो, अंतर सारखं राहतं, आणि १५ व १६ मधला फरक मॉडेलला जाणवत नाही. ८१ फ्रेम म्हणजे मग जवळजवळ साडेपाच सेकंद. आडवं-उभं माप मी ४८० बाय ८३२ ठेवतो. ffmpeg या प्रोग्रामला हे सगळं असं सांगायचं:

```
mkdir frames
ffmpeg -ss 2.2 -i clip.mp4 -vf "fps=15,scale=480:-2,crop=480:832" -frames:v 81 frames/%03d.png
```

यातला `-ss 2.2` म्हणजे मूळ क्लिपची पहिली २.२ सेकंदं सोडून दिली. ही सुरुवात विचार करून निवडायची, कारण पहिला फ्रेम हाच आपला नमुना होणार आहे. त्यात छाती, दोन्ही बाह्या, गळा आणि कपड्याची खालची कड स्पष्ट दिसली पाहिजे. हात छातीवर आडवा असलेल्या फ्रेमपासून सुरुवात केली तर हाताखाली काय आहे हे मॉडेलला ठरवावं लागतं, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं ठरवतं. चांगला फ्रेम क्लिपच्या शेवटी असेल तर फ्रेमचा क्रम उलटा करा, काम करा, मग पुन्हा सरळ करा. अशा साध्या हालचालीत मॉडेलला उलट्या क्रमाची फारशी अडचण होत नाही.

मास्क

सर्वात जास्त वेळ इथे द्या. माझी निम्मी बिघडलेली कामं मास्कमुळे बिघडली.

मास्क म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी एक काळं-पांढरं चित्र. पांढरं तिथे नवं काढायचं, काळं तिथे हात लावायचा नाही. मेटाचं सॅम २ हे २०२४ चं मॉडेल यासाठी उत्तम. पहिल्या फ्रेममध्ये टी-शर्टवर दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं की ते पुढच्या फ्रेममध्ये टी-शर्टचा माग काढत जातं. चुकलं तर त्या फ्रेमवर जाऊन एक क्लिक वाढवायचं.

आता नवख्याची पहिली चूक. सॅम २ ने टी-शर्टची कड इतकी नेमकी पकडली, की तसाच मास्क पुढे द्यायचा मोह होतो. मी दिला, आणि मोहरी कुर्त्याला अर्ध्या बाह्या आल्या. सूचनेत "पूर्ण बाह्या" असं स्पष्ट होतं, तरीही. मॉडेलने शब्दांपेक्षा मास्कचा आकार ऐकला. तो आकार टी-शर्टचा होता, म्हणून त्यात मावेल असंच काहीतरी आलं. शिंप्याला जुन्या शर्टाचं माप दिलं तर तो जुन्या शर्टाएवढंच शिवणार.

म्हणून मास्क नव्या कपड्याच्या मापाचा हवा. कुर्ता पूर्ण बाह्यांचा, तर मनगटापर्यंतचे हात मास्कमध्ये घ्यायचे. कुर्ता मांड्यांपर्यंत, तर कमरेखालचा भागही. सॅम २ मध्ये हात आणि पँटचा वरचा भाग वेगळे निवडून ते टी-शर्टच्या मास्कमध्ये मिळवले. मग `GrowMask` वापरून सगळा मास्क १२ पिक्सेल बाहेर फुगवला. फुगवण्याचं कारण असं, की मॉडेल आतून ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींमध्ये विचार करतं. कडेच्या चौकटीत जुन्या टी-शर्टची राखाडी धार राहिली तर तीच मोहरी कुर्त्याभोवती मळकट किनार होऊन दिसते.

फुगवल्यावर मात्र दुसरं संकट येतं. उजवा हात छातीवरून वर जाताना मास्क बोटं खातो. म्हणून पंजे, चेहरा आणि केस यांचा वेगळा मास्क काढायचा, तो फुगवायचा नाही, आणि मोठ्या मास्कमधून वजा करायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फुगवणं, मग वजाबाकी. उलट केलं तर वजा केलेली जागा फुगण्यात परत भरून येते. मग ८१ मास्क एकामागून एक डोळ्यांनी बघा. दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे, पण इथे सुटलेला एक फ्रेम पुढे ठळक डाग होऊन उभा राहतो.

नमुन्याचा फ्रेम

पहिल्या फ्रेममध्ये कुर्ता घालायला क्वेन इमेज एडिट किंवा फ्लक्स कॉन्टेक्स्ट यांसारखा सूचनेवर चालणारा चित्र-संपादक चालतो. मामेभावाने पाठवलेला कापडाचा फोटो सोबत दिला आणि सूचनेत मोजता येतील अशा गोष्टी लिहिल्या: उभी पट्टी कॉलर, समोर तीन लाकडी बटणं, खिसा नाही, बाह्या मनगटापर्यंत. "सुंदर पारंपरिक कुर्ता" असं लिहिलं की मॉडेल स्वतःच्या मनाचं भरतकाम टाकतं. मोजता येणाऱ्या गोष्टींचा आणखी एक उपयोग पुढे तपासणीत होतो.

हे संपादक पूर्ण चित्र नव्याने काढतात, त्यामुळे चेहरा किंचित बदलतो आणि कधी सगळं चित्र दोन-चार पिक्सेलने सरकतं. तो निकाल जसाच्या तसा वापरू नका. फक्त कुर्ता मास्कमधून उचलून मूळ पहिल्या फ्रेमवर बसवा. खांद्यापाशी फट दिसली तर चित्र सरकलंय असं समजा आणि बसवण्याआधी ते जुळवून घ्या.

कापड निवडायला वाव असेल तर साधं किंवा मोठ्या नक्षीचं निवडा. ४८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात कुर्ता जेमतेम २०० पिक्सेलचा असतो. त्यावरची बारीक बुटी पाच-सहा पिक्सेलची, म्हणजे मॉडेलच्या एका चौकटीपेक्षा लहान. ती दर फ्रेमला चमचमणार, त्याला उपाय नाही. बातम्या देणाऱ्यांना बारीक रेघांचे शर्ट घालू देत नसत, तशीच ही अडचण. पैठणीच्या पदरावरचे मोर या रीतीने टिकवण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि सोडून दिला. तिथे साधा कपडा बसवून नक्षी नंतर ट्रॅकिंगने चिकटवणं बरं.

वाहून नेणं

कम्फीयूआयमध्ये `WanVaceToVideo` नावाचा नोड आहे. त्याच्या तीन जोडण्या आपल्याला लागतात: `control_video`, `control_masks` आणि `reference_image`.

`control_video` मध्ये ८१ फ्रेम जातात. पहिला म्हणजे आपण तयार केलेला कुर्त्याचा फ्रेम. उरलेले ८० म्हणजे मूळ फ्रेम, पण मास्कची जागा मध्यम राखाडी रंगाने भरलेली, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही १२७. ही भरणी विसरू नका. मास्क पांढरा असला तरी त्याखालचे पिक्सेल मॉडेलला दिसतात आणि ते त्यांना इशारा मानतं. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मोहरी कुर्त्याच्या छातीवर टी-शर्टवरच्या अक्षरांचा पुसटसा ठसा उमटला होता, तो याच चुकीने.

सगळं राखाडी भरलं की हात कुठे वाकतोय हे मॉडेलला कळत नाही. म्हणून डीडब्ल्यूपोजने शरीराच्या सांध्यांच्या रेषा काढून त्या राखाडी भागावर ठेवायच्या. रेषांऐवजी खोलीचा नकाशा, म्हणजे कॅमेऱ्यापासून काय किती दूर आहे हे दाखवणारं चित्रही देता येतं, पण त्यात जुन्या कपड्याच्या घड्या आणि घेर उतरलेला असतो. शर्टाजागी त्याच बेताचा शर्ट हवा असेल तर खोलीचा नकाशा सरस, कारण घड्या खऱ्या हालचालीच्या मिळतात. टी-शर्टाजागी सैल कुर्ता हवा तर सांध्यांच्या रेषाच घ्या.

`control_masks` मध्ये पहिल्या फ्रेमचा मास्क पूर्ण काळा ठेवायचा. त्याचा अर्थ, हा फ्रेम पक्का आहे, याला धक्का नको. पुढचे ८० आपले तयार केलेले मास्क. `reference_image` मध्ये कुर्त्याचं समोरचं चित्र साध्या पार्श्वभूमीवर द्या. नोड हे चित्र फ्रेमच्या आधी जोडतो, म्हणून शेवटी `TrimVideoLatent` लावून ते कापावं लागतं. नाहीतर निकालाच्या सुरुवातीला काही भुताटकी फ्रेम येतात.

पूर्ण ८१ फ्रेम लगेच चालवू नका. क्लिपमधली सर्वात अवघड जागा निवडून तेवढे ३३ फ्रेम आधी करून पाहा. माझ्या क्लिपमध्ये ती हात छातीवरून जाण्याची जागा होती. सीड कायम ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

टिकलं की नाही हे ओळखणं

क्लिप दहा वेळा पाहिली की डोळा माफ करायला लागतो. म्हणून मी एक जुनी युक्ती वापरतो. प्रत्येक फ्रेममधून त्याच उंचीवरची चार पिक्सेलची आडवी पट्टी कापायची आणि ८१ पट्ट्या एकाखाली एक रचायच्या.

```
ffmpeg -i result.mp4 -vf "format=rgb24,crop=480:4:0:400,tile=1x81" -frames:v 1 slice.png
```

यात ४०० ही उंची माझ्या क्लिपमध्ये छातीतून जाते. तुमच्या क्लिपप्रमाणे आकडा बदला. मिळालेल्या चित्रात वरून खाली काळ वाहतो. कुर्त्याची कड आणि बटणपट्टी यांच्या गुळगुळीत, वाहत्या रेषा दिसल्या तर कपडा स्थिर आहे. रेषा करवतीसारखी दातेरी असेल तर थरथर आहे. एखाद्या ओळीला रेषा अचानक तुटून दुसरीकडे सुरू झाली तर तिथे कपडा बदललाय, आणि ओळ मोजून फ्रेम सापडतो. सर्वात फसवं चित्र म्हणजे माणूस वळतोय तरी घड्यांच्या रेषा सरळ उभ्या. ते स्थिर दिसतं, पण तो काचेला चिकटलेला कपडा आहे. मूळ क्लिपचीही अशीच पट्टी काढून शेजारी ठेवा. दोन्हींमध्ये शरीर सारखंच झुकलं पाहिजे.

माझ्या निकालात ४६ व्या ओळीला पट्टी तुटली होती. क्लिप उघडून पाहिली तर हात छातीवरून गेल्यावर तीन बटणांची चार झाली होती. हाताने बटणं झाकली, हात सरकल्यावर मॉडेलने ती आठवणीतून काढली आणि आठवण चुकली. मोजता येतील अशा गोष्टी लिहा म्हटलं ते यासाठी. रंगाची छटा बदलली का यावर वाद होऊ शकतो, चौथ्या बटणावर होत नाही.

उपाय असा केला, की शेवटचा फ्रेमही पक्का केला. पण तो वेगळा तयार केला असता तर त्यातला कुर्ता पहिल्यापेक्षा निराळा आला असता. म्हणून पहिला आणि ८१ वा फ्रेम शेजारी-शेजारी ठेवून ९६० बाय ८३२ चं एकच चित्र केलं आणि दोघांना एकाच वेळी कुर्ता घातला. एकाच चित्रातले दोन भाग मॉडेल एकमेकांकडे बघून काढतं, त्यामुळे बटणं, कॉलर आणि छटा जुळली. मग चित्र मधोमध कापून पहिला फ्रेम सुरुवातीला, दुसरा शेवटी आणि दोघांचेही मास्क काळे. हात कधीही आडवा आला तरी पुढे कुठे पोचायचंय हे आता मॉडेलला ठाऊक होतं. तीन बटणं तीनच राहिली.

माणूस पूर्ण पाठमोरा होऊन परत फिरणार असेल तर मात्र दोन टोकं पुरत नाहीत. पाठमोरा फ्रेमही त्याच चित्रात तिसरा म्हणून घ्यावा लागतो आणि मध्ये पक्का करावा लागतो. मधल्या फ्रेमला जुडीतले शेजारी असतात, त्यामुळे तो पहिल्याइतका घट्ट बसत नाही. अशी क्लिप नवख्याने पहिल्या महिन्यात घेऊ नये.

परत जोडणं

निकालात फक्त कुर्ता बदललाय असं वाटतं, पण चेहरा आणि भिंतसुद्धा मॉडेलच्या साठवणीतून जाऊन आलेली असते. डोळे जरा मऊ होतात, भिंतीवरची रेघ हलते. म्हणून `ImageCompositeMasked` ने निकालातला फक्त मास्कचा भाग मूळ फ्रेमवर ठेवायचा, मास्कची कड चार-पाच पिक्सेल मऊ करून. पक्क्या केलेल्या फ्रेमसाठी इथे काळा मास्क नव्हे, आधी काढलेला कुर्त्याचा मास्क वापरा. रंगाची छटा थोडी सरकलेली असेल तर ती याच वेळी मनगटापाशी आणि गळ्यापाशी उघडी पडते. तिथे रंग जुळवून घ्या.

मग हवं तर दोन फ्रेमच्या मधला फ्रेम तयार करणारं राइफ वापरून १५ चे ३० फ्रेम करा. हे जोडणीनंतरच करायचं, कारण मास्क ८१ फ्रेमचेच आहेत. हाताची झटक्याची हालचाल असेल तिथे राइफ बोटं विरघळवतं. तेवढे फ्रेम मी तसेच सोडतो.

क्लिप साडेपाच सेकंदांपेक्षा मोठी असेल तर तुकडे पडतात. पहिल्या तुकड्याचे शेवटचे पाच फ्रेम दुसऱ्या तुकड्याचे पहिले पाच म्हणून काळ्या मास्कसह द्या. एकच फ्रेम दिला तर जागा जुळते पण वेग जुळत नाही, आणि सांध्यावर कापडाला झटका बसतो. दर तुकड्यात रंग थोडा थोडा सरकत जातो, म्हणून तिसऱ्या तुकड्यापुढे मी जात नाही. बहुतेक वेळा क्लिपच दोन कोनांतून काढायला सांगतो. कोन बदलला की सांधा बघणाऱ्याला दिसत नाही.

मामेभावाच्या क्लिपला एकूण दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली दीड मास्कची. शिवलेला कुर्ता आठवड्याने आला तेव्हा त्याची कॉलर माझ्या कॉलरपेक्षा अर्धा इंच बसकी होती. त्याने क्लिप काढून टाकली नाही, कॉलर उसवून उंच केली.